मदत हवी आहे : ईएसआय नोंदणीत कामगारांची संख्या किती दाखवावी?

शिरोली_टर्निंग | १८ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझे मशीन शॉप आहे. ज्या कंपनीचे जॉबवर्क आम्ही करतो, त्यांनी पुढच्या ऑर्डरपूर्वी ईएसआयचा कोड नंबर मागितला आहे आणि तो या आठवड्यातच हवा आहे. अर्ज भरायला बसलो, तर एकूण कामगार किती आणि दहा कामगार कोणत्या तारखेपासून झाले, हे विचारले आहे. माझ्याकडे आठ माणसे आहेत. आठ लिहिले तर कोड मिळेल का, आणि तारखेच्या जागी काय लिहायचे, एवढेच कृपया कोणीतरी स्पष्ट सांगावे. कायदा वाचत बसायला माझ्याकडे वेळ नाही.

उद्यमनगरकर | रात्री १०.०५

आठच माणसे असतील तर आपल्याला हा कायदा लागूच होत नाही, कारण मर्यादा दहाची आहे. शिवाय ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या वर आहे, त्यांना या मोजणीत धरत नाहीत. कंपनीला तसे लेखी कळवून टाका. माझे वर्कशॉप गेली कित्येक वर्षे नऊ माणसांवर व्यवस्थित चालले आहे.

रंकाळा_६२ | रात्री १०.२०

त्यापेक्षा सर्वांसाठी मिळून ग्रुप मेडिक्लेम काढावा, असे मी सुचवेन. माझ्या भाच्याने गोकुळ शिरगावच्या त्याच्या युनिटमध्ये तसेच केले आहे. कामगारांना चांगल्या खासगी रुग्णालयात जाता येते आणि दर महिन्याला चलन भरत बसावे लागत नाही.

लेखापाल_ताई | रात्री १०.५०

मेडिक्लेम हा ईएसआयला पर्याय होऊ शकत नाही. कायदा लागू असेल तर मेडिक्लेम काढूनही वर्गणी भरावीच लागते. ईएसआयमधून औषधोपचाराबरोबर आजारपणातल्या रजेचा भत्ता, प्रसूतीचा लाभ आणि कामावरच्या अपघातानंतर बुडालेल्या पगाराची भरपाई मिळते. मेडिक्लेममध्ये रुग्णालयाचे बिल भागते, घरी बसलेल्या माणसाचा पगार भागत नाही.

शिरोलीकर दादा, आठ माणसे म्हणजे नेमकी कोण, हे आपण लिहिलेले नाही. आपल्या पगारपत्रकावरची आठ, की आवारात रोज काम करणारी आठ? ठेकेदाराची माणसे येतात का? कोणी शिकाऊ उमेदवार आहे का? यंत्रे विजेवर चालतात, हे मी धरून चालते.

शिरोली_टर्निंग | रात्री ११.१०

यंत्रे विजेवरच आहेत, हे काय विचारायचे? पगारपत्रकावर आठ ऑपरेटर व मदतनीस आहेत. फोरमन वेगळा आहे, त्याला २४,००० देतो. ग्राइंडिंगसाठी ठेकेदाराची दोन मुले फेब्रुवारीपासून रोज येतात, पण ती माझी नाहीत, त्यांचे पैसे ठेकेदारच देतो. एक आयटीआयचा अप्रेंटिस आहे. हिशेब माझी पत्नी पाहते, तिला पगार नाही.

निवृत्त_निरीक्षक | १९ ऑगस्ट, सकाळी ७.१५

आता चित्र स्पष्ट झाले. या कामात माझी नोकरी गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ठेकेदाराची दोन मुले आपल्या आवारात, आपल्या यंत्रांवर आणि आपल्या फोरमनच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून ती आपल्या मोजणीत येतात. पैसे कोणाच्या हातून जातात यावर ते ठरत नाही. हाच माल आपण बाहेर ठेकेदाराच्या शेडमध्ये पाठवला असता आणि तिथे आपली देखरेख नसती, तर गोष्ट वेगळी होती. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नोंदलेला अप्रेंटिस मोजायचा नाही. मालक स्वतः आणि पगार न घेणारी पत्नी यांनाही मोजायचे नाही. म्हणजे आठ अधिक दोन असे दहा होतात.

फोरमनबद्दल उद्यमनगरकर जे म्हणतात, त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. २१,००० च्या वर पगार असलेल्या माणसाची वर्गणी भरायची नसते आणि त्याला विमाधारक म्हणून नोंदवायचेही नसते. पण संख्या मोजताना त्याला वगळावे की धरावे, हा वेगळा प्रश्न आहे. कारखान्याच्या व्याख्येत दहा 'व्यक्ती' असा शब्द आहे, त्यामुळे आम्ही त्याला धरत असू. आपल्या बाबतीत मात्र हा वाद घालण्याची गरजच नाही, कारण फोरमनला बाजूला ठेवले तरी दहा पूर्ण होतात.

तारखेबद्दल सांगायचे, तर ती मुले ज्या दिवशी आली, त्या दिवशी दहा झाले. मागील १२ महिन्यांत एक दिवस जरी दहा माणसे कामावर असतील, तरी कायदा लागू होतो. एकदा तो लागू झाला की पुढे संख्या सहावर आली तरी सुटका नाही, हे उद्यमनगरकरांनीही लक्षात ठेवावे. दिवाळीच्या आधी कामाचा रेटा असताना ते चार माणसे जादा घेत असतील, तर त्यांनी आपले हजेरीपत्रक एकदा काढून पाहावे.

उद्यमनगरकर | सकाळी ८.००

साहेबांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु अशाने छोट्या माणसाने धंदा करायचाच नाही, असे होते. फेब्रुवारी ही तारीख लिहिली की तेव्हापासूनची वर्गणी, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड, एवढे सगळे मागे लागेल. मी शिरोलीकरांच्या जागी असतो तर त्या दोन मुलांना आजच घरी पाठवले असते.

निवृत्त_निरीक्षक | सकाळी ८.४०

त्यांना आज घरी पाठवल्याने फेब्रुवारीतली हजेरी पुसली जात नाही. मागच्या वर्गणीची भीती मात्र सध्या बाळगण्याचे कारण नाही. १ जुलैपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत स्प्री नावाची योजना चालू आहे. या मुदतीत स्वतःहून नोंदणी करणारा मालक नोंदणीच्या दिवसापासून किंवा त्याने स्वतः जाहीर केलेल्या तारखेपासून कायद्याखाली आला, असे धरले जाते. त्याआधीच्या काळाची वर्गणी मागत नाहीत आणि त्या काळासाठी तपासणीही लावत नाहीत. म्हणून शिरोलीकरांनी संख्या दहा लिहावी आणि नोंदणीची तारीख जाहीर करावी.

उद्यमनगरकर | सकाळी ८.५५

मग डिसेंबरपर्यंत थांबले तर चार महिन्यांची वर्गणी वाचेल, हे आपणच सिद्ध केलेत.

लेखापाल_ताई | सकाळी ९.३०

मला हा सल्ला अजिबात पटत नाही. ग्राइंडिंगवरच्या मुलाच्या डोळ्यात उद्या ठिणगी गेली, तर वाचवलेली वर्गणी एका दिवसात जाईल. नोंदणी झालेली असेल तर कामावरच्या अपघातासाठी किती दिवस वर्गणी भरली, हे पाहिलेच जात नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण असते आणि बरा होईपर्यंत सुमारे ९० टक्के वेतन मिळते. नोंदणी नसेल तर तो सगळा भार मालकावर येतो. आणि ही रक्कम तरी किती आहे? महिना १६,४०० वेतन असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १२३ रुपये त्याच्या पगारातून कापायचे आणि ३.२५ टक्के म्हणजे ५३३ रुपये मालकाने घालायचे. दोन्ही मिळून ६५६ रुपये होतात.

शिरोली_टर्निंग | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

दहा लिहून अर्ज केला आणि १७ अंकी कोड मिळाला. कंपनीला कळवले आहे. आता कामगार भरताना दोन ठिकाणी अडलो आहे. एका ऑपरेटरचा आधार क्रमांक पोर्टल घेतच नाही, त्याची नोंद आधीच आहे असे दाखवते. त्याला विचारले तर तो म्हणतो, मी कधी ईएसआयचे काही केलेले नाही. दुसऱ्याचा पगार २०,५०० आहे, पण जुलैत ओव्हरटाइमचे १,८०० धरून त्याचे २२,३०० झाले. तो २१,००० च्या वर गेला म्हणून त्याला वगळू का?

चांदी_हुपरी | सायंकाळी ७.००

आमच्याकडे कारागीर घरी नेऊन काम करतात आणि नगावर मजुरी घेतात. त्यांचे पीएफ खाते काढावे लागेल का, हेही कोणीतरी सांगावे.

लेखापाल_ताई | सायंकाळी ७.४५

हुपरीकर, पीएफचा कायदा वेगळा आणि त्याची मर्यादाही वेगळी आहे. आपण कृपया स्वतंत्र धागा काढावा, इथे दोन्हींची सरमिसळ होईल.

दादा, पहिल्या कामगाराला त्याने आधी कुठे काम केले ते विचारा. पूर्वीच्या मालकाने त्याची नोंद केलेली असते आणि बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसते. जुनी पगारचिठ्ठी किंवा ई-पहचान कार्ड मिळाले तर त्यावर १० अंकी विमा क्रमांक सापडेल. पोर्टलवर कामगार भरताना तो आधी नोंदलेला आहे का, असे विचारतात, तिथे 'होय' करून तोच क्रमांक घाला. दुसऱ्या आधार किंवा मोबाइल नंबरवर नवा क्रमांक काढण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती करू नका. तसे केले तर त्याची वर्गणी दोन खात्यांत विभागली जाते आणि आजारपणाच्या भत्त्यासाठी लागणारे ७८ दिवस कोणत्याच खात्यात भरत नाहीत.

निवृत्त_निरीक्षक | रात्री ८.३०

ताईंचे म्हणणे योग्य आहे. ओव्हरटाइमबाबत नियम असा आहे की २१,००० ची मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरायचा नाही, पण वर्गणी काढताना तो धरायचा. म्हणून हा कामगार आत राहतो आणि अशा महिन्यात २२,३०० वर वर्गणी निघते. त्याचा हिस्सा १६७ रुपये २५ पैसे येतो, तो वरच्या रुपयात नेऊन १६८ होतो आणि आपला हिस्सा ७२५ होतो. उद्या त्याचा मूळ पगारच २१,००० च्या वर गेला, तरी ३० सप्टेंबरला किंवा ३१ मार्चला संपणारा सहामाही वर्गणीकाळ पूर्ण होईपर्यंत त्याची वर्गणी भरत राहायची, मध्येच थांबवायची नाही.

ठेकेदाराची दोन मुलेही विसरू नका. ठेकेदाराचा स्वतःचा कोड असेल तर त्यांची नावे असलेल्या चलनाची प्रत दर महिन्याला मागून घ्या. कोड नसेल तर त्यांची वर्गणी आपण भरा आणि त्याच्या बिलातून वळती करा, कारण मुख्य मालक म्हणून कायदा आपल्यालाच विचारतो. ऑगस्टची वर्गणी १५ सप्टेंबरपर्यंत भरली गेली पाहिजे.

शिरोली_टर्निंग | २३ ऑगस्ट, दुपारी १.१५

जुना क्रमांक सापडला, तो त्याच्या आधीच्या कारखान्याच्या पगारचिठ्ठीवर होता. पण त्या मालकाने तो नोकरी सोडून गेल्याची नोंद केलेली दिसत नाही आणि नाव 'बाळू' असे आहे, आधारवर मात्र 'बाळासाहेब' आहे.

लेखापाल_ताई | दुपारी २.००

नावाची दुरुस्ती शाखा कार्यालयात अर्ज आणि आधारची प्रत देऊन करून घ्या, नाहीतर त्याला दवाखान्यात अडचण येईल. नोकरी सोडल्याची नोंद जुन्या मालकाने महिन्याची वर्गणी भरताना शून्य दिवस, कारण आणि शेवटचा दिवस दाखवून करायची असते. माझ्या एका पक्षकाराच्या बाबतीत ती नोंद नसतानाही कामगार नव्या कोडखाली आला.

उद्यमनगरकर | दुपारी २.२५

माझ्या मेहुण्याच्या युनिटमध्ये मात्र जुन्या मालकाने नोंद करेपर्यंत काम अडले होते. म्हणून आधी त्या मालकाला फोन करा, असे मी सांगेन. साहेब, आणखी एक विचारायचे होते. मी काल हजेरीपत्रक काढून पाहिले, तर गेल्या ऑक्टोबरमध्ये आठवडाभर अकरा माणसे दिसतात. स्प्रीमध्ये मलाही आजचीच तारीख जाहीर करता येईल का?

निवृत्त_निरीक्षक | दुपारी ३.१०

येईल. डिसेंबरची वाट पाहू नका.