शब्दचर्चा : ‘एक्स्पोजर’ला मराठीत काय म्हणायचं, आणि तो मोजायचा कसा?

वाघूर, जळगाव

एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात हिशेब बघते. माल आखातात आणि युरोपात जातो, त्यासाठीचा प्लास्टिकचा दाणा परदेशातून येतो. शेठ दर सोमवारी परकीय चलनाचा एक कागद मागतात, तोही मराठीत, कारण तो त्यांच्या वडिलांना, नानांना, वाचायचा असतो. त्यात ‘एक्स्पोजर’ हा रकाना आहे. मी ‘जोखीम’ लिहिलं तर नानांनी विचारलं, “जोखीम ४०,००० डॉलर म्हणजे एवढे बुडतील का?” त्यांचा प्रश्न बरोबर आहे, मला शब्द चुकीचा वाटतोय. सध्याचा कागद असा आहे:

डॉलर : येणे १,००,०००, दाण्याचे देणे ६०,०००. एक्स्पोजर ४०,०००.
दिरहम : येणे १,८३,६२५.
युरो : येणे ४०,०००, बँकेला रुपयातल्या ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेसाठी पूर्ण विकलेले, म्हणजे फॉरवर्ड. एक्स्पोजर शून्य.
वेगळा सौदा : युरो-डॉलरमध्ये ४० लॉट विक्री, भाव १.१०.

शेवटची ओळ शेठची. डॉलर सगळीकडे मजबूत दिसतोय म्हणून युरो विकलाय. या ओळीपुढे एक्स्पोजरच्या रकान्यात काय लिहायचं तेही कळत नाही.

जुनीपेठ

ताई, एक्स्पोजर म्हणजे ब्रोकर जे मार्जिन कापतो ते. माझ्या पावतीवर ‘एक्स्पोजर मार्जिन’ असंच येतं. मराठीत ‘जादा अनामत’ म्हणा. शेवटच्या ओळीपुढे ब्रोकरने जेवढे पैसे अडकवले तेवढा आकडा टाका.

वाघूर, जळगाव

दादा, ते अडकलेले पैसे झाले. मला विचारायचंय की भाव हलला तर किती रकमेवर फरक पडेल. त्या रकमेला काय म्हणायचं?

जिनवाला, धुळे

आमच्या कापसात यासाठी शब्द आहे. गाठी घेतल्या आणि पुढे विकल्या नाहीत, तर तेवढा माल ‘अंगावर’ असतो. “२०० गाठी अंगावर आहेत” म्हटलं की समोरच्याला सगळं समजतं. बुडतील असं नाही, भाव वाढला तर फायदाही होईल. तुम्हीही ‘अंगावरचे डॉलर’ लिहा.

डॉलरच्या जोराचं म्हणाल तर एवढ्या जोड्या कशाला बघता? डॉलर इंडेक्स बघा. तो वर तर डॉलर मजबूत, विषय संपला. शेठनी युरो विकण्याआधी इंडेक्सने दुजोरा दिला असेल तर सौदा चांगला आहे.

तापीकाठ, भुसावळ

‘अंगावर’ मला पटलं. बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली, तिथे आम्ही ‘ओपन’ म्हणायचो, पण नानांना ‘अंगावर’च कळेल.

इंडेक्सचं मात्र जिनवाले भाऊ अर्धं सांगताहेत. त्या इंडेक्समध्ये सहा चलनं आहेत आणि त्यात एकट्या युरोचा वाटा ५७.६ टक्के. रुपया त्यात नाहीच. त्यामुळे युरो-डॉलर पडला आणि मग इंडेक्स वर गेलेला दिसला, तर दुजोरा मिळाला असं होत नाही. एकच बातमी दोन कागदांवर वाचली, एवढंच. युरोपात काही बिघडलं की डॉलरने बोटही न हलवता इंडेक्स चढतो. डॉलरलाच जोर आहे का ते बघायचं असेल तर येन, पौंड आणि रुपया डॉलरपुढे वेगवेगळे कसे चाललेत ते बघावं. सगळे एकाच वेळी साधारण सारखे मागे सरकत असतील तर जोर डॉलरचा. एकटा युरो सरकत असेल तर गोष्ट युरोची आहे.

आता ताईंच्या कागदाकडे येतो, कारण मला खरी अडचण तिथे दिसते. कागद जोड्यांप्रमाणे लिहिलाय. तो चलनाप्रमाणे लिहा. प्रत्येक सौद्यात एक चलन घेतलेलं असतं आणि एक दिलेलं असतं, ती दोन्ही आपापल्या रकान्यात टाकायची. एक लॉट हजार युरोचा, म्हणून ४० लॉट युरो-डॉलर विकले म्हणजे ४०,००० युरो दिले आणि १.१० भावाने ४४,००० डॉलर घेतले. हे ४४,००० तुमच्या डॉलरच्या रकान्यात कुठेच नाहीत.

शिवाय ४०,००० युरो येणे होते, ते बँकेत आधीच विकलेत. तेच युरो शेठनी दुसऱ्यांदा विकले. म्हणजे युरो शून्य नाही, ४०,००० ‘उलटे अंगावर’ आहेत.

केळीबाग, रावेर

मध्येच बोलतो, पण दिरहम वेगळा का लिहिलाय? आमच्या केळीचे कंटेनर दुबईला जातात. सुरुवातीला मीही दोन खाती दोन चलनांत ठेवून समाधान मानायचो की एक पडलं तर दुसरं सांभाळेल. आमच्या बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५. सौदीचा रियालही ३.७५ ला बांधलेला. डॉलर रुपयापुढे जितका हलेल तितकाच दिरहम हलणार. दुबईचं गिऱ्हाईक वेगळं असेल, चलन वेगळं नाही.

आता माझा प्रश्न : माझं सगळंच येणं डॉलर नि दिरहममध्ये आहे आणि देणं काही नाही. मग मी काय करू?

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, तुमचा प्रश्न किती विकायचं याचा आहे, तो वेगळा बोलू. दिरहमचं बोललात ते मात्र अगदी योग्य. १,८३,६२५ दिरहम म्हणजे बरोबर ५०,००० डॉलर. ताई, आता बेरीज करा.

वाघूर, जळगाव

करून बघितली. ४०,००० आधीचे, दिरहमचे ५०,०००, शेठच्या सौद्यातले ४४,०००. एकूण १,३४,००० डॉलर अंगावर, आणि युरो ४०,००० उलटे. कागदावर ४०,००० लिहिले होते.

पण अप्पा, एक शंका आहे. शेठ म्हणतात युरो-डॉलरच्या सौद्यात रुपया नाही, मग रुपयाच्या कागदावर तो कशाला? आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

तापीकाठ, भुसावळ

शेठ पूर्ण चुकीचे नाहीत. हिशोबाला सोपे भाव धरू : डॉलर ८४ रुपये, युरो १.१० डॉलर, म्हणजे युरो ९२.४० रुपये. डॉलर-रुपया अर्ध्या टक्क्याने उतरून ८३.५८ झाला असं समजा. आता दोन वेगवेगळे दिवस बघू.

पहिल्या दिवशी युरो-डॉलर आहे तिथेच, १.१०. मग युरोही ९१.९४ च्या आसपास उतरला. डॉलर आणि युरो दोन्ही रुपयापुढे सारखे घसरले, म्हणजे हा जोर रुपयाचा. १,३४,००० डॉलरवर ४२ पैशांनी ५६,२८० रुपये गेले, उलट्या युरोवर १८,४८० परत मिळाले. निव्वळ ३७,८००. शेठचा सौदा नसता तरी ९०,००० डॉलरवर ३७,८०० च गेले असते. या दिवशी शेठ बरोबर.

दुसऱ्या दिवशी युरो-डॉलर १.१०५५ वर गेला. ८३.५८ ला त्याने गुणा, युरो पुन्हा ९२.४० वरच येतो. रुपया आणि युरो एकमेकांशी जागच्या जागी, खाली आला तो एकटा डॉलर. आता युरोकडून काही परत मिळत नाही, पूर्ण ५६,२८० जातात. कागदावरचे ४०,००० धरून नानांनी १६,८०० ची अपेक्षा ठेवली असती.

डॉलर-रुपयाचा फलक दोन्ही दिवशी अगदी सारखा दिसला. म्हणून मी युरो-रुपया बघायला सांगतो. डॉलर-रुपया हलला आणि युरो-रुपया स्थिर, तर डॉलरने हलवलं. दोन्ही सारखे हलले, तर रुपयाने. येन-रुपया, पौंड-रुपयाही तसेच तपासा, म्हणजे युरोच्या घरातली भानगड वेगळी काढता येते.

जिनवाला, धुळे

हे मान्य. इंडेक्स मी न्यूयॉर्कच्या कापसासाठी बघतो, तिथे भाव सेंट पर पाउंडमध्ये असतो म्हणून मला तो उपयोगी पडतो. रुपयाच्या हिशोबात त्यावर विसंबायला नको हे कळलं.

पण अप्पा, मी रोज रात्री दहाला मोबाईलवर हे सगळे भाव बघतो तेव्हा ताळा जुळत नाही. डॉलर-रुपया गुणिले युरो-डॉलर केलं की युरो-रुपया वेगळाच येतो.

तापीकाठ, भुसावळ

कारण तुमचे भाव एका वेळचे नसतात. आपल्याकडचा एक्स्चेंजवरचा रुपयाचा बाजार पाचला बंद होतो. युरो-डॉलर रात्रभर चालतो, अमेरिकेचे मोठे आकडे तर आपल्या संध्याकाळनंतरच येतात. पाचचा रुपया आणि दहाचा युरो गुणलात तर जे निघेल तो कोणत्याच क्षणाचा भाव नाही. सगळे भाव चारच्या सुमाराला घ्या.

आणखी एक अडचण सांगतो. रिझर्व्ह बँक डॉलर विकत किंवा घेत असते तेव्हा डॉलर-रुपया जागेवर बसलेला दिसतो. डॉलर बाहेर हलतच असतो, ती हालचाल मग युरो-रुपयात आणि पौंड-रुपयात निघते. डॉलर शांत आहे असं समजून त्या दिवशी युरोचा सौदा वाढवणारे मी पाहिलेत.

जुनीपेठ

मग शेठनी तो सौदा तोडायचा का? आणि एकच युरो दोनदा विकायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे?

तापीकाठ, भुसावळ

रुपया असलेल्या एक्स्चेंजच्या सौद्यांमागे खरा व्यवहार हवा आणि तो दुसऱ्या सौद्याने आधीच बांधलेला नसावा, हे ३ मे २०२४ पासून ठळकपणे लागू आहे. युरो-डॉलरच्या सौद्याबद्दल मी इथे बसून निकाल देणार नाही, ते आपल्या बँकेला लेखी विचारावं. तोडायचा का, तेही शेठ ठरवतील. युरो पडेल असं त्यांचं ठाम मत असेल तर तो सौदा त्यांचा. फक्त त्याला ‘हेज’, म्हणजे भावाच्या जोखमीपासूनचं संरक्षण, म्हणू नये, आणि डॉलरच्या रकान्यातून गाळू नये.

केळीबाग, रावेर

शब्दाचं काय ठरलं मग? ‘अंगावर’ आम्हाला जरा कर्जासारखं वाटतं. सातबारावर बोजा असतो तसं.

वाघूर, जळगाव

नानांना वाचून दाखवलं. ‘अंगावर’ लगेच कळलं, ‘उलटे अंगावर’ मात्र पटलं नाही. म्हणाले, “जे आपल्याकडे नाही आणि द्यायचंय, त्याला ‘देणं’ म्हण की.” पण दाण्याच्या रकान्यात ‘देणे’ आधीच आहे, आणि ते बिलाचं आहे. तूर्त मी ‘विकून बसलेले’ असं लिहिलंय. कोणाला याहून बरं सुचतंय का?

जिनवाला, धुळे

आम्ही ‘खाली विकलेलं’ म्हणतो, पण ते जळगावात चालेल का ठाऊक नाही.