मदत हवी आहे: ठरलेल्या कामावर वाढीव काम, पैसे कसे मागू?

मी नाशिकला सिडकोत घरूनच आरी वर्कचे ब्लाउज करते. पैठणीवरचा एक ब्लाउज २,८०० रुपयांत ठरला. पाठीवर मोर, बाह्यांना नुसती बॉर्डर. मोर अर्धा भरला तेव्हा ताईंचा मेसेज, "बाह्यांवर बुट्टे टाका ना, थोडेसेच." टाकले. मग लटकन. आता म्हणतात, मोराऐवजी कमळ करा! जरदोसी उसवली की सिल्कवर सुईची भोकं दिसतात, म्हणजे कापडही नवं लागणार. ॲडव्हान्स फक्त ५०० घेतलाय, त्यात त्या आमच्याच बिल्डिंगमधल्या.

कमळाला नाही म्हणणारच आहे, पण बुट्ट्यांचे पैसे आता मागितले तर चालेल का? तुम्ही ट्रेसिंगआधी डिझाइन व्हॉट्सॲपवर पक्कं करून घेता का? नंतरच्या बदलाला बुट्ट्यामागे दर लावता की दिवसाच्या हिशोबाने? आणि नेमकं बोलता काय, तेही सांगा.