रोजच्या स्टँडअप मेसेजमधली ‘अडलं’ची ओळ कशी लिहिता? (अनुभव धागा)

खान्देशात घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या टीमबरोबर काम करणारे आता बरेच आहेत. त्यांचा स्टँडअप कॉलवर न होता मेसेजवर होतो: काय झालं, पुढे काय, कुठे अडलं. पहिल्या दोन ओळी सगळेच लिहितात. तिसरी वाचून कोणी हलतं का? तुमचे अनुभव सांगा. मेसेजचा नमुना दिलात तर उत्तम, फक्त क्लायंटचं नाव काढा.

जळगाव, बॅकएंड

आमच्यात टेस्टिंग पुण्यात आहे आणि पेमेंट गेटवेचा अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस न्यू जर्सीतल्या एकाच माणसाकडे. टीममधला नवा मुलगा रोज लिहायचा, “पेमेंटचं काम चालू, वेबहुकमध्ये थोडा इश्यू.” वाचणाऱ्याला वाटायचं, सोडवतोय तो. प्रत्यक्षात गेटवेवरचं सीक्रेट बदललं होतं आणि आमच्या स्टेजिंगवर जुनंच राहिलं होतं. सिग्नेचर जुळत नव्हती, म्हणून आमचा सर्व्हर प्रत्येक वेबहुक 400 देऊन परत पाठवत होता. नवं सीक्रेट डॅशबोर्डवरून काढणं त्या मुलाच्या हातातच नव्हतं. मग दोघांनी बसून मेसेज असा लिहिला:

```
झालं: PAY-212 रिफंड API मर्ज, स्टेजिंगवर चालतंय
पुढे: PAY-215 वेबहुकच्या युनिट टेस्ट (टेस्ट सीक्रेटवर)
अडलं: PAY-214, सोमवारपासून. स्टेजिंगसाठी नवं सीक्रेट हवं
कोणाकडून: @admin. व्हॉल्टमध्ये टाका, इथे पेस्ट नको
कधीपर्यंत: आज. नाहीतर गुरुवारचं टेस्टिंग पुढे जाईल
```

सीक्रेट त्याच रात्री आलं. माणसाचं नाव आणि थांबलं तर काय पुढे ढकललं जाईल, या दोन गोष्टींनी काम केलं. वेळेचाही वाटा आहे. तिकडे सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. आपण सकाळी टाकलेला मेसेज तोवर बराच वर गेलेला असतो. म्हणून बाकी मेसेज सकाळी, पण तिकडच्या माणसावर अडलेली गोष्ट त्याच थ्रेडमध्ये संध्याकाळी परत टाकतो.

अमळनेर, फ्रंटएंड

एवढं लिहायचं कशाला? आमच्याकडे बॉट जिरातून तिकिटं उचलतो आणि मेसेज आपोआप पडतो. कोणी विसरत नाही.

जळगाव, बॅकएंड

‘झालं’साठी बॉट चांगलाच आहे, भाऊ. पण PAY-214 जिरात शेवटपर्यंत In Progress दिसत होतं. तिकीट हाताने हलवलं नाही तर बॉटला अडलेलं काम चालू असल्यासारखंच दिसतं.

धुळे, टेस्टिंग

मी एक खूण बघते. ‘पुढे’मधली ओळ दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत आली, ना ‘झालं’मध्ये गेली ना ‘अडलं’मध्ये, की मी थेट फोन करते. बहुतेक वेळा काहीतरी अडलेलं असतं आणि सांगायला संकोच वाटत असतो. ‘झालं’बद्दलही आमचा नियम आहे: मर्ज होऊन स्टेजिंगवर गेलं तरच झालं. “कोड लिहून झाला” वाचून मी तपासायला बसते आणि तिथे काहीच नसतं.

रावेर, केळीचा व्यापार

आमच्या ग्रुपवरही रोज असंच असतं. कोणाच्या बागेची कटाई झाली, उद्या कोणाची, गाडी कुठे थांबली. पण ड्रायव्हर “थोडा वेळ लागेल” एवढंच लिहितो. त्याला हे असं लिहायला कसं लावायचं?

धुळे, टेस्टिंग

दादा, धागा सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे, तरी सांगते. त्याला लिहायला लावू नका. “कुठे आहे, कोणासाठी थांबलाय, किती वाजता निघशील” एवढे तीन प्रश्न तुम्हीच टाका, तो व्हॉइस नोटने उत्तर देईल.

भुसावळ, डेटा

उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर बसतो. हे ‘अडलं’मध्ये लिहायचं का? आमचा मॅनेजर म्हणतो, सबबी नकोत.

नंदुरबार, टीम लीड

लिहायचं, पण त्यातून उरलेल्यांना काय कळलं पाहिजे ते लिहायचं: “3 ते 5 नसेन, रिपोर्ट 7 ला मिळेल.” लाईट कोणी टीममधून आणून देणार नाही, त्यामुळे तो निरोप झाला. दुसऱ्या कोणी काही केल्याशिवाय माझं काम हलत नाही, तेच माझ्या लेखी ‘अडलं’. रिव्ह्यूला टाकून दोन तास झालेला पुल रिक्वेस्ट मी त्यात धरत नाही, नाहीतर ती ओळ रोज भरते आणि लोक वाचणं सोडतात. दुसरा दिवस उजाडला तर मात्र नावासकट लिहायचं.

आणि स्टँडअपचे हे तीन प्रश्न सक्तीचे नाहीत. 2020 च्या स्क्रम गाइडमधून ते काढलेत. आम्ही ठेवलेत, कारण टीम एकत्र बसत नाही.

धुळे, टेस्टिंग

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं मला पटत नाही. रिलीजच्या आठवड्यात दोन तासही खूप होतात.

नंदुरबार, टीम लीड

रिलीजच्या आठवड्यात मग मेसेजची वाट कशाला, सरळ फोनच करावा.

भुसावळ, डेटा

आणि समोरचा फोन उचलत नसेल तर? आमच्याकडे गाडी तिथेच थांबते. यावर कोणी काही बसवलंय का?