पीएस ५ साठी तीन मीटरची एचडीएमआय केबल: महागडी घ्यावी का?

सायली_नाशिक: टीव्ही भिंतीवर लावल्यामुळे पीएस ५ सोबत आलेली केबल पुरत नाही. सेट टॉप बॉक्सची जुनी केबल लावली. ६० हर्ट्झला चित्र स्वच्छ, पण १२० चा गेम सुरू केला की पडदा क्षणभर काळा होतो. दुकानदार सहा हजारांची सोन्याच्या मुलाम्याची केबल दाखवतोय, म्हणतो रंग खुलतात. घेऊ का?

मंदार७७: मुळीच नको. सिग्नल डिजिटल आहे, शून्य आणि एक. दोनशेची केबल आणि सहा हजारांची, सगळ्या सारख्याच.

वायरवाला_काका: मंदार, रंगांबद्दल तुझं बरोबर आहे. सिग्नल नीट पोचला तर स्वस्त केबलमधून तेच चित्र येतं, महाग केबल त्यात काही भर घालत नाही. पण सगळ्या सारख्या नाहीत. फोर के ६० ला १८ गिगाबिटची केबल पुरते. पीएस ५ फोर के १२० ला ३२ गिगाबिटपर्यंत पाठवतो, तिथे जुनी केबल धापा टाकते. केबल कमी पडली की चित्र फिकट होत नाही. पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा काळा होतो. सायलीताई, तुमचं लक्षण तेच आहे.

खात्री करायची तर कन्सोलच्या Video Output मध्ये 4K Video Transfer Rate आहे, ते -1 करा. काळं होणं थांबलं तर केबलवर संशय पक्का. मग ‘अल्ट्रा हाय स्पीड’ दर्जाची, ४८ गिगाबिटची केबल घ्या. खोक्यावर ‘२.१’ किंवा ‘८के’ छापलेलं पाहून भुलू नका. प्रमाणपत्राच्या लेबलवरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत अॅपने तपासा. तीन मीटरला साधी तांब्याची चालते, मुलाम्याचे पैसे वाचवा.

प्रोजेक्टरप्रेमी: माझी केबल भिंतीच्या पाइपातून दहा मीटर जाते. मलाही हीच चालेल ना?

वायरवाला_काका: नाही, तेवढ्या अंतरावर तांबं टिकत नाही. ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कन्सोलकडे. पाइपात ओवण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. आणि प्रोजेक्टर १२० घेतो का, हे आधी पाहा.

प्रोजेक्टरप्रेमी: पत्रकात फक्त ‘फोर के सपोर्ट’ लिहिलंय.

वायरवाला_काका: त्यावरून काहीच ठरत नाही. मॉडेल सांगा.

सायली_नाशिक: -1 केलं, काळं होणं थांबलं. पण माझ्याकडे कन्सोल साउंडबारमधून टीव्हीला जातो. मग दोष साउंडबारचा तर नसेल?

वायरवाला_काका: असू शकतो! बऱ्याच साउंडबारमधून १८ च्या पुढे जातच नाही. कन्सोल थेट टीव्हीच्या १२० वाल्या पोर्टला लावा, आवाज टीव्हीकडून परत पाठवणाऱ्या ईएआरसी पोर्टने साउंडबारला द्या. तोवर केबल विकत घेऊ नका. बॉक्समधली केबल आखूड असली तरी कन्सोल टीव्हीखाली स्टुलावर ठेवून तिने चालवून बघा.

मंदार७७: काही टीव्हींत १२० चे दोनच पोर्ट असतात, त्यातला एक ईएआरसीचाच, तो साउंडबारने अडेल. ताई, दुसरा कन्सोल नाही ना?

सायली_नाशिक: भावाचा एक्सबॉक्स दिवाळीत येतोय.