मदत हवी आहे: ब्रेक मारल्यावर पुढच्या चाकांवरचा भार ७२० न्यूटनने कमी येतोय

मिसळपाव_मेकॅनिकल (पंचवटी, नाशिक):
डिप्लोमाचं गणित आहे, दोन दिवस अडलोय. गाडी १००० किलोची, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.५ मीटर. गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या १.५ मीटर पुढे आणि जमिनीपासून ०.५ मीटर उंच. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, g = १० धरायचा. सपाट रस्त्यावर ब्रेक मारल्यावर वेग दर सेकंदाला ६ मी/से ने कमी होतो. पुढच्या चाकांवर मिळून भार किती?

मी मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याभोवती मोमेंट घेतले. वजनाचा १०००० × १.५. जडत्वाचं बल ६००० पुढच्या दिशेने, अ‍ॅक्सलपासून उंची ०.५ − ०.३ = ०.२, म्हणून ६००० × ०.२. बेरीज १६२००, भागिले २.५, म्हणजे ६४८० न्यूटन. पुस्तकात उत्तर ७२०० आहे. ब्रेक गाडीच्या आतलेच, म्हणून ते धरले नाहीत. चूक कुठे?

गंगापूररोडकर:
ब्रेक मारला की पुढचे शॉकअप दबतात, त्यामुळे वजन पुढे सरकतं. पुस्तकाने ते धरलं असणार.

अंबड_वर्कशॉप:
शॉकअप दबतात ते भार वाढला म्हणून. स्प्रिंगच नसलेल्या बैलगाडीला करकचून ब्रेक लावला तरी पुढे भार येईलच. दबल्याने गुरुत्वमध्य जरासा हलतो, पण तो फरक किरकोळ.

मूळ प्रश्नाचं सांगतो. ब्रेक आतला हे बरोबर, पण गाडी थांबवतं ते रस्त्याचं घर्षण, आणि ते बाहेरचंच. चारही चाकांचं मिळून ६००० न्यूटन, मागच्या दिशेने, अ‍ॅक्सलच्या ०.३ मीटर खाली. त्याचा मोमेंटही नाक खालीच दाबतो: ६००० × ०.३ = १८००. भागिले २.५ केलं की तुमचे हरवलेले ७२० न्यूटन.

गंगापूररोडकर:
पण आमच्या सरांनी तर घर्षण घेतलंच नव्हतं, तरी उत्तर आलं.

अंबड_वर्कशॉप:
त्यांनी मागचं चाक रस्त्याला टेकतं त्या बिंदूभोवती मोमेंट घेतले असतील. घर्षणाची रेषा त्याच बिंदूतून जाते, म्हणून त्याचा मोमेंट शून्य. मग जडत्वाच्या बलाची उंची मात्र पूर्ण ०.५ धरायची. अ‍ॅक्सलभोवती ०.२ आणि ०.३ असे दोन तुकडे होतात, एवढाच फरक. बिंदू एकाचा आणि उंची दुसऱ्याची घेतली की असा घोळ होतो.

ताळा गुरुत्वमध्याभोवती करा. मागे २८०० उरतात. ७२०० × १ वजा २८०० × १.५ = ३०००, आणि घर्षणाचे ६००० × ०.५ सुद्धा ३०००.

मिसळपाव_मेकॅनिकल:
जुळलं! मी आकृतीत घर्षणाचा बाणच काढला नव्हता. चाकं फिरायची थांबतात त्याचं जडत्व नाही का धरायचं?

अंबड_वर्कशॉप:
काटेकोर हिशेबात धरायचं, पण कारला ते फार थोडं. या गणितात सोडलंय.

द्राक्षवाले_निफाड:
भाऊ, माझ्या पिकअपचं बघा. क्रेट उतरवून रिकामी येताना उतारावर ब्रेक दाबला की मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी व्हायला बघते. तेच का हे?

अंबड_वर्कशॉप:
बरंचसं तेच. रिकाम्या पिकअपच्या मागे मुळात भार कमी, त्यातला ब्रेकने आणि उताराने आणखी पुढे जातो. पण लॉक होण्याइतका ब्रेक मागे का मिळतोय, हे बघावं लागेल. मागच्या अ‍ॅक्सलवर भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का? त्याचा दांडा मोकळा हलतो का?

द्राक्षवाले_निफाड:
दांडा आहे, पण गेल्या वर्षी पाटे बदलताना कुणीतरी तारेने बांधलाय. उद्या खाली शिरून फोटो टाकतो.