मदत हवी आहे: नाशिकमधील फ्लॅटच्या विक्रीसाठी मावसभावाला द्यायच्या लेखी सूचना

परदेशस्थ_इंदिरानगर (ऑगस्ट २०२५)

नमस्कार. मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहते. नाशिकला इंदिरानगरमध्ये माझ्या एकटीच्या नावावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २०१३ मध्ये तो मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरून ३४ लाखांना पडला होता. आता ६० लाखांना व्यवहार ठरत आहे. घेणारे पती-पत्नी नाशिकचेच असून ते बँकेचे कर्ज काढणार आहेत. मला तिकडे येणे सध्या शक्य नाही. म्हणून भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून मी मावसभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले आहे आणि ते गेल्या आठवड्यात त्याच्या हाती पडले.

भाऊ अत्यंत विश्वासाचा आहे, आणि म्हणूनच उद्या कोणी त्याच्याकडे बोट दाखवू नये इतक्या स्पष्ट सूचना त्याला लेखी द्याव्यात असे मला वाटते. मसुद्याचा मुख्य भाग असा आहे:

"कुलमुखत्यारपत्राची मूळ प्रत कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस, मागितलीच तर झेरॉक्स दे. साठेखत आणि खरेदीखत यांचे मसुदे आधी मला पाठव आणि माझा लेखी होकार आल्यावरच सही कर. किंमत ६० लाखांपेक्षा कमी करण्याचा निर्णय तू घ्यायचा नाहीस. घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरणचे बिल आणि मेंटेनन्स भरून पावत्या जपून ठेव. संपूर्ण रक्कम माझ्या एनआरओ खात्यात जमा झाल्याशिवाय खरेदीखतावर सही करायची नाही आणि किल्ल्याही द्यायच्या नाहीत."

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. खरेदीदारांचा एजंट म्हणतो की टीडीएस १ टक्काच कापला जाईल आणि विसाराचे ५ लाख तूर्त भावाच्या खात्यात घ्यावेत. दुसरी अडचण अशी की कर्ज असल्यामुळे सहीच्या आधी पूर्ण रक्कम मिळणार नाही, असेही तो सांगतो. मसुद्यात काय बदलावे?

सातपूरकर

एजंटाचे १ टक्क्याचे म्हणणे बरोबर आहे. ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापून फॉर्म 26QB भरतो. मी स्वतः फ्लॅट घेताना हेच केले. दूतावासाचा शिक्का असल्यामुळे कुलमुखत्यारपत्रासाठी आता आणखी काहीही करायची गरज नाही. विसार मात्र भावाच्या खात्यात घेऊ नका, नंतर हिशोबाचा घोळ होतो.

गंगापूररोड_६२

आम्ही वडिलांचा जुना फ्लॅट गेल्या वर्षी विकला. आमच्या सीएने १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन लावून २० टक्के, यांतला कमी कर निवडला आणि आमचे बरेच पैसे वाचले. ताईंनीही हा पर्याय नक्की मागावा.

दस्तलेखन_नाशिकरोड

मी दस्तांचेच काम करते. वरच्या दोन्ही उत्तरांतली माहिती भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला लागू पडते, ताईंना नाही. १ टक्का आणि 26QB हे निवासी विक्रेत्यासाठी आहे. जुन्या घरासाठी इंडेक्सेशनचा पर्यायही २३ जुलै २०२४ नंतर फक्त निवासी व्यक्तींना उरला आहे. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराला कलम १९५ खाली कर कापावा लागतो, आणि त्यात ५० लाखांची मर्यादा नाही.

हे तुमच्याच आकड्यांवर पाहा. नफा २६ लाख. त्यावर १२.५ टक्के आणि ४ टक्के सेस, म्हणजे एकूण १३ टक्क्यांनी कर होतो ३,३८,००० रुपये. पण खरेदीदाराला तुमचा नफा ठरवण्याचा अधिकार नाही, म्हणून तो पूर्ण ६० लाखांवर कापतो. रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने सरचार्ज धरून दर १४.३ टक्के होतो आणि कपात होते ८,५८,००० रुपये. ५,२०,००० रुपये जास्तीचे अडकतात आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत हाती लागत नाहीत. ते टाळायचे असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठीचा फॉर्म १३ तुम्ही तिथूनच ऑनलाइन भरू शकता, पण सोबत साठेखत, जुने खरेदीखत आणि कर कापणारे म्हणून खरेदीदारांचे टॅन क्रमांक लागतात. घेणारे दोघे असतील तर दोघांनाही स्वतंत्र टॅन काढावा लागेल. प्रमाणपत्र त्या टॅनच्या नावानेच निघते आणि निघाल्याच्या तारखेनंतरच्या रकमांनाच लागू होते.

विसाराचा खरा प्रश्न इथे आहे. कपात प्रत्येक हप्त्याच्या वेळी करायची असते, त्यामुळे प्रमाणपत्राआधी घेतलेल्या ५ लाखांवरही चढ्या दराने कापावे लागेल. म्हणून साठेखताच्या वेळी विसार लहानच ठेवा, तो थेट एनआरओ खात्यात घ्या आणि त्यावरचा कर कापून घ्या. मोठी रक्कम प्रमाणपत्रानंतर घ्यावी. प्रमाणपत्राला काही आठवडे लागतात, तेव्हा साठेखतात खरेदीखताची मुदत तेवढी लांब धरा. भावाला हेही लिहून कळवा की विसारापोटी रोख काहीही घ्यायचे नाही. २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

एजंट 26QB चा आग्रह धरू लागला, तर खरेदीखताच्या मसुद्यात तुम्हाला निवासी म्हणून दाखवले आहे का, हे भावाने पाहावे. मेलबर्नचा पत्ता आणि "अनिवासी" हा उल्लेख मसुद्यात असलाच पाहिजे.

परदेशस्थ_इंदिरानगर

मनापासून आभार. कापलेला कर खरोखर भरला गेला, हे मला इथून कसे कळेल? आणि कुलमुखत्यारपत्राला आणखी काही करावे लागेल का?

दस्तलेखन_नाशिकरोड

खरेदीदाराने कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि तिमाही संपल्यावर फॉर्म 27Q दाखल करायचा असतो. तो दाखल झाल्यावर रक्कम तुमच्या फॉर्म 26AS मध्ये दिसते आणि खरेदीदार तुम्हाला फॉर्म 16A देतो. नुसत्या चलनाच्या फोटोवर समाधान मानू नका. 27Q दाखल करून 16A देण्याची जबाबदारी खरेदीदारांची आहे, असे एक वाक्य खरेदीखतात घालून घ्या.

दूतावासाच्या शिक्क्याने सही खरी ठरते, मुद्रांक शुल्क भागत नाही. राज्याबाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर शुल्क भरावे लागते, म्हणून भावाने या आठवड्यातच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करावा. कुरिअरचे पाकीट आणि पोचपावती फेकू नये, कारण दस्त इथे कधी आला याचा पुरावा तोच आहे.

आता अडचणीचा भाग. स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार देणारे विनामोबदला कुलमुखत्यारपत्र जवळच्या नातेवाइकाला दिलेले असेल तर नाममात्र ५०० रुपये शुल्क लागते, इतरांना दिले तर खरेदीखताइतके. कायद्यात आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातवंडे आणि "अन्य जवळचे नातेवाईक" असा उल्लेख आहे. मावसभाऊ या शेवटच्या शब्दांत बसतो असे माझे मत आहे, पण निर्णय अधिकाऱ्याचा.

मुद्रांक_अनुभवी

मी या मताशी सहमत नाही. सख्ख्या नात्याच्या पुढे गेले की कार्यालय आक्षेप घेते, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा सुरक्षित मार्ग असा की ताईंनी खरेदीखतावर स्वतःच तिकडे सही करावी आणि भावाला फक्त दस्त नोंदणीसाठी सादर करून कबुलीजबाब देण्याचा अधिकार द्यावा. एकाच व्यवहाराच्या नोंदणीपुरत्या अशा कुलमुखत्यारपत्राला ५०० रुपयेच लागतात आणि त्यात नात्याचा प्रश्न येत नाही.

दस्तलेखन_नाशिकरोड

हा मार्ग योग्य आहे, पण मग शब्दान्‌शब्द अंतिम झालेला दस्त मेलबर्नला पाठवून परत आणावा लागतो आणि एखादा शब्द बदलला तरी सगळे पुन्हा करावे लागते. खरेदीदारांनी मुद्रांक शुल्क भरल्याशिवाय कोणीही सही करायची नाही, हे तेव्हाही पाळायचे. माझा सल्ला असा की आधी मुद्रांक कार्यालयाचे मत लेखी घ्यावे आणि ते प्रतिकूल आले तरच दुसरा मार्ग धरावा.

निवृत्त_बँकवाला

पैशांच्या प्रश्नाबद्दल सांगतो. कर्जाच्या व्यवहारात "पूर्ण रक्कम आधी, सही नंतर" ही अट चालत नाही, कारण बँकेला गहाणासाठी खरेदीदाराच्या नावाचा दस्त लागतो. पण "सही आधी, पैसे नंतर कधीतरी" असेही होता कामा नये. खरेदीदारांचा स्वतःचा वाटा नोंदणीच्या आदल्या दिवसापर्यंत एनआरओ खात्यात यावा. कर्जाच्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट बँकेने काढून ठेवावा, त्याचा क्रमांक आणि तारीख खरेदीखतात लिहावी आणि दुय्यम निबंधकांसमोर सह्या होताच तो भावाच्या हातात यावा. ड्राफ्टवर तुमच्या नावासोबत एनआरओ खाते क्रमांक छापलेला हवा, तो भावाने सहीच्या आधी वाचून पाहावा. ड्राफ्ट तुमच्या शाखेत त्याच दिवशी भरता येतो. किल्ल्या मात्र रक्कम खात्यात दिसल्यावरच द्याव्यात, आणि ताबा पावती वेगळी करून त्यावर ती तारीख घालावी.

पुढे पैसे मेलबर्नला नेताना फॉर्म 15CA आणि सीएचा 15CB लागेल. तो अर्ज तुमच्याच सहीने करा, भावाला त्यात गुंतवू नका.

दस्तलेखन_नाशिकरोड

सहमत. नोंदणीच्या दिवसासाठी आणखी एक सूचना जोडा. तिथे भावाला एका घोषणापत्रावर सही करावी लागते: कुलमुखत्यारपत्र रद्द झालेले नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे. हे खोटे ठरले तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली शिक्षा त्याला होते. म्हणून त्या दिवशी सकाळी त्याला व्हिडिओ कॉल करा आणि "कुलमुखत्यारपत्र कायम आहे" असा तारखेसह लेखी निरोप द्या.

आणि मेंटेनन्सबद्दल लिहिताना इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी पाहा. आपल्या नाशिकमध्ये बऱ्याच इमारतींचे घोषणापत्र अपार्टमेंट कायद्याखाली झालेले असते. तिथे शेअर सर्टिफिकेट नसते, त्याऐवजी डीड ऑफ अपार्टमेंटची मूळ प्रत शोधावी लागते.

परदेशस्थ_इंदिरानगर

माझी इमारत अपार्टमेंटच आहे, आणि ती मूळ प्रत भावाकडच्या कपाटात आहे. पैशांचा परिच्छेद मी असा बदलला आहे:

"विसार लहान आणि फक्त माझ्या एनआरओ खात्यात, रोख काहीही नाही, तुझ्या खात्यातही काही नाही. माझे कमी कपातीचे प्रमाणपत्र येईपर्यंत पुढचा हप्ता घ्यायचा नाही. खरेदीखताच्या दिवशी आदल्या दिवसापर्यंतची रक्कम खात्यात आली आहे असे मी कळवल्यानंतरच निबंधक कार्यालयात जा. ड्राफ्टवरील नाव, खाते क्रमांक आणि रक्कम खरेदीखताशी जुळत नसेल, तर कोणी कितीही घाई केली तरी सही न करता मला फोन कर. माझ्याकडे मध्यरात्र असली तरी चालेल. किल्ल्या ड्राफ्ट वटल्यावर."

भाऊ सोमवारी मुद्रांक कार्यालयात अर्ज देणार आहे. मावसभावाच्या नावे केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर नाशिकमध्ये अलीकडे कोणी अभिनिर्णय घेतला असेल, तर काय शुल्क ठरले ते कृपया इथे लिहावे.