मदत हवी आहे: रजा मंजूर झाल्यावर थँक्यू मेल कसा लिहू?

माझी रजा आज मंजूर झाली, पण मॅडमनी रिप्लायमध्ये नुसतं "१६ पर्यंत ओके" लिहिलंय, आता १६ ला सुट्टी की जॉइन व्हायचं तेच कळेना. मी अर्ज सोमवार १२ ते शुक्रवार १६ असा पाच दिवसांचा केलेला. म्हणून थँक्यू मेलमध्येच असं टाकतेय:

"मॅडम, रजा मंजूर केल्याबद्दल धन्यवाद. १२ ते १६, दोन्ही दिवस धरून, मी रजेवर असेन आणि सोमवारी १९ ला हजर होईन. बिलांचं काम आमच्या टीममधला सहकारी बघेल, त्याचे मनापासून आभार."

त्याला सीसीत ठेवू ना? तो तोंडी हो म्हणालाय, पण अर्धवट बिलांची यादी अजून दिली नाहीये, आधी ती देऊ का मग मेल?